अनवरीच्या तेलावरचा आळ

तेल्हाऱ्यात अनवरी घाण्यावरून खोबरेल आणून जास्वंदीचं तेल घरीच बनवून विकायची. त्या दुष्काळी उन्हाळ्यात नळ बंद पडला, गल्ली नव्या बोअरच्या पाण्यावर आली आणि बायकांचे केस निस्तेज, खरखरीत झाले. सगळ्यांनी आळ तेलावर घेतला.

"तेलात काय मिसळून राहिली तू?" शेजारच्या पार्वताबाईंनी दारातच विचारलं.

"काकू, तेल तेच हाये," अनवरी म्हणाली. पण खोबरेलात भेसळ असेल म्हणून तिला घाण्यावाल्याचा संशय आला. खात्रीसाठी तिनं स्वतः तेल लावणंच सोडलं. तरी तिचे केस राठच राहिले. मग बादलीच्या कडेला साचलेला पांढरा थर तिच्या नजरेस पडला.

तिनं पार्वताबाईंना बोलावलं. एका बाटलीत बोअरचं पाणी, दुसरीत नळाचं साठवलेलं पाणी घेतलं, दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून बाटल्या हलवल्या. नळाच्या पाण्यावर फेस उभा राहिला. बोअरचं पाणी गढूळ झालं, वर नुसती साय.

"पाणी जड हाये, काकू. साबणाचा हा चिकटा केसाले बसते. साबण नका लावू, शिकेकाई नाहीतर शाम्पू लावा. शेवटी तांब्याभर पाण्यात थोडं लिंबू पिळून केसावर ओता, मंग साध्या पाण्यानं धुवा."

"साबण तूच आणला ना?" पार्वताबाई म्हणाल्या, आणि घरून आपली वडी घेऊन आल्या. बोअरच्या पाण्यात तिचाही फेस झाला नाही.

दोन-तीन न्हाण्यांनंतर त्यांचे केस मऊ पडले. त्या तेल न्यायला आल्या, झाकण उघडून वास घेतला, मगच बाटली पदराखाली घेतली.