चार नंबरचं दार आणि मंजूषामावशीचा रकाना

मंजूषामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. पुण्यात स्पॅनिश शिकली, काकांच्या नोकरीमागे नेदरलँड्सला आली, आठ वर्षं घरात बसली आणि मग ब्रेडाजवळ फळांच्या एका गोदामात लागली. मालक स्पेनचे, म्हणून मीटिंगचं इतिवृत्त स्पॅनिशमध्ये. ते लिहायचं काम मावशीचं. मी शाळा सोडून तिच्याकडे राहायला आले होते आणि तिथेच संत्री पॅक करत होते. तिनेच चिकटवलं मला.

डबा खाताना ती मला तिचं काम समजवायची. "कोण ओरडलं, कोण रडलं, ते लिहायचं नाही. 'असे ठरले', एवढंच. मग तीन रकाने. काय करायचं, कोणी, कधीपर्यंत."

"म्हणजे माणसं गायब?"

"नावं नाहीत गं, पदं. आणि रकाना कधी रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे लिहिणारीला काम येत नाही."

कच्च्या नोंदी ती वहीत पेन्सिलीने घ्यायची. पुढच्या मीटिंगमध्ये इतिवृत्त मंजूर झालं की ती पानं श्रेडरमध्ये. एका मीटिंगचा एकच कागद राहिला पाहिजे, असा तिचा हट्ट. त्याचा तिला केवढा अभिमान!

मार्चमध्ये चार नंबरच्या दाराचा सेन्सर बिघडला. ते शटर खाली येताना मध्ये माणूस असला तरी थांबायचं नाही. लिहिणारीने मीटिंगमध्ये बोलायचं नसतं, तरी मावशी बोलली, दुरुस्तीपर्यंत दार बंद ठेवा. आमचा मॅनेजर इग्नासिओ म्हणाला, चौदा मार्चपर्यंत मी स्वतः करून घेतो. तिने तसंच लिहिलं. जबाबदार: ऑपरेशन्स प्रमुख. स्वतः काय बोलली ते नाही लिहिलं. लिहिणारीचं बोलणं लिहीत नाहीत.

कागद सगळ्यांना जायच्या आधी त्यावर इग्नासिओची सही लागते. तो तिच्या टेबलाशी आला. "मंजू, माझं पद काढ. तारखेच्या जागी 'नंतर ठरवू' टाक." मे महिन्यात मावशीचं कॉन्ट्रॅक्ट कायम व्हायचं होतं. कायम करायचं की नाही, हे त्याच्याच हातात. तिने काढलं. पण 'कोणी'च्या रकान्यात काय घालणार? तिथे तिने आपणहून लिहिलं: पाठपुरावा, सचिव.

सचिव म्हणजे ती.

"वेडी आहेस का तू?" मी डबा आपटला.

"रिकामा कसा ठेवू? मी आठवण करत राहीन ना त्याला."

केली. तोंडी. दोनदा. एक एप्रिलच्या मीटिंगमध्ये इतिवृत्त मंजूर झालं आणि वहीची पानं गेली.

नऊ तारखेला ते दार अभिजितच्या पायावर आलं. अभिजित नाशिकचा, ट्रक रिकामे करायचा. मी आणि ड्रायव्हरने मिळून ते वर उचललं. त्याच्या बुटातून रक्त येत होतं आणि तो मलाच "सॉरी, सॉरी" म्हणत होता.

खास मीटिंग बोलावली. साक्षीदार म्हणून मला आत घेतलं. इग्नासिओने मार्चचा कागद वाचला. पाठपुरावा, सचिव. सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. ती लिहीत होती.

मी उठलेच. "हिने सांगितलं होतं दार बंद ठेवा! आणि हा म्हणाला होता मी करतो!"

"तू मार्चच्या मीटिंगला होतीस?" इग्नासिओने शांतपणे विचारलं.

"नव्हते. पण..."

"मग ऐकीव आहे. खाली बस."

मावशीने पेन्सिल ठेवली. "ती म्हणतेय ते खरं आहे. हे नोंदवलं जावं, अशी माझी विनंती आहे."

"ही विनंती सदस्यांनी करायची असते, मंजू. तू सदस्य नाहीस."

बाकीचे चार जण मार्चमध्ये तिथेच बसलेले. त्यांनी ग्लास उचलले. पाणी प्यायले.

मग तिनेच लिहिलं, तिच्या सुंदर तिरक्या अक्षरात: सचिवांच्या कॉन्ट्रॅक्टचे नूतनीकरण न करण्याचे ठरले. जबाबदार: मनुष्यबळ विभाग. मुदत: तीस एप्रिल. एकही रकाना रिकामा नाही.

तिच्या शेवटच्या दिवशी त्या खास मीटिंगचं इतिवृत्त मंजूर झाल्यावर ती वही घेऊन श्रेडरकडे निघाली. मी आडवी आले. "मावशी, ही पानं दे. तुझं बोलणं यात आहे ना? आपण वकिलाकडे जाऊ."

"नाहीये गं."

मी हिसकावून बघितलं. पेन्सिलीत प्रत्येकाचं वाक्य होतं, इग्नासिओचं, माझंसुद्धा. तिच्या विनंतीच्या जागी काही नव्हतं. सवयच तशी तिची.

"आण इकडे," ती म्हणाली आणि एकेक पान आत सोडलं. मशीन थांबेपर्यंत उभी राहिली. मग डबा घ्यायला गेली.