जागची न हलणारी सोंगटी

आमच्या कॅरम क्लबात यंदा लीगला आम्ही सातच जण होतो, म्हणून दर रविवारी एकाला जोडीदार नसायचा, त्याची सुट्टी. मी एकटीच बाई. पाचव्या रविवारी तक्त्यावर माझ्या नावापुढं पुन्हा 'सुट्टी' दिसली. पहिल्या रविवारीही तीच होती. तिघांशी तर माझा डाव लागलाच नव्हता.

तक्ता करणारे सेक्रेटरी काका म्हणाले, "ताई, आराम मिळतोय की. तक्रार कशाची?"

मला संताप आला. मी सात सोंगट्यांवर खडूनं आकडे लिहिले आणि सुट्टीसाठी आठवी म्हणून राणी घेतली. चार-चारच्या दोन ओळी मांडल्या; समोरासमोरच्या दोघांचा डाव.

"तक्त्यात तुम्ही सुट्टी धरून आठही नावं फिरवलीत," मी म्हणाले, "म्हणून पाचव्या फेरीला पहिल्याच जोड्या परत आल्या. एक सोंगटी जागची हलवायची नसते. बाकीच्या सात गोल एकेक घर सरकवायच्या. सात फेऱ्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदाच गाठ पडते, आणि सुट्टीही एकेकदाच."

मी सातही फेऱ्या फिरवून दाखवल्या. काकांनी भिंतीवरचा जुना तक्ता काढून टाकला. "मग उरलेले डाव तुम्हीच लावा," एवढंच म्हणाले.

मी लावले. चूक कुणाचीही होते. पण त्या 'आराम' शब्दाचा राग अजून गेलेला नाही.