उजवीकडचे शब्द

विट्याजवळच्या आमच्या गावात मी सातवीत होते तेव्हा हिंदीत मार्क मिळवायला फारशी अक्कल लागत नसे. गुरुजी एका धड्यातून समानार्थी, विलोम म्हणजे विरुद्धार्थी, आणि शब्दार्थ काढायचे, फळ्यावर जोड्या लिहून द्यायचे आणि परीक्षेत तेच विचारायचे. डावीकडं ‘पानी’, उजवीकडं ‘जल’. आपण उजवीकडचं पाठ करायचं, की झालं.

मला तेवढ्याचाही कंटाळा होता. मग आईच माझं पाठांतर घ्यायला लागली. ती चौथी शिकलेली. चुलीपुढं बसून वहीतली उजवी बाजू पिठाच्या हातानं झाकायची आणि विचारायची, “मेहमान?”

“अतिथि.”

“पेड़?”

“वृक्ष. आई, हात काढ, वही खराब होतीय.”

धडा होता एका थकलेल्या वाटसरूचा. अनोळखी गावात तो येतो, लोक त्याला सावलीत बसवतात, पाणी देतात, एवढीच गोष्ट. पण त्या धड्यात आईचा जीव अडकला होता. वडील पलटणीत, उत्तरेकडं. यंदा कुटुंबासाठी क्वार्टर मिळणार होतं. मागच्या सुट्टीत ते म्हणाले होते, “तिथं भाजीपास्नं डॉक्टरपर्यंत सगळं हिंदीत. तू मुकीवानी बसशील.” लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्यातली किती सोबत गेली असतील, ते मी मोठी झाल्यावरच मला उमगलं. आईला जायचंच होतं.

थोड्याच दिवसांत तिला माझ्यापेक्षा जास्त यायला लागलं. दूर म्हटलं की निकट, स्वागत म्हटलं की विदाई. विहिरीवर जातानाही पुटपुटायची. एकदा मी म्हटलं, “अगं, नुसतं पानी म्हटलं तरी चालतंय की.”

तिला ते पटलं नाही. “पानी, घर, दूर, ह्ये तर आपलंच हाय. त्यात हिंदी काय? खरी हिंदी ह्या अंगाची,” असं म्हणून तिनं वहीच्या उजव्या बाजूवर बोट ठेवलं. मलाही ते खरंच वाटलं. मार्क त्याच बाजूला मिळत होते ना!

वडील सुट्टीवर आले, ते पलटणीतल्या एका उत्तरेकडच्या दोस्ताला घेऊन. दोन दिवस गाव बघून तो पुढं जाणार होता. ओसरीवर दोघं बसले होते, शेजारचे चारपाच जण जमले होते. आई डोक्यावरचा पदर सारखा करत तांब्या घेऊन बाहेर आली. परक्या माणसापुढं ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी मात्र तांब्या पुढं करून एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, “हे अतिथि, जल ग्रहण कीजिए. यह गृह आपका है.”

मी दाराआड होते, मला अभिमानानं भरून आलं. तो दोस्त उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि “भाभीजी” म्हणून मान लववली. तो हसला नाही.

वडील हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “आवं ऐका! बाजारात अशी बोलली तर भाजीवाला पाया पडंल हिच्या!” मग सगळी ओसरी हसली. दुसऱ्या दिवशी ते चावडीवर सांगून झालं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कळतं; पण त्या हसण्याचा राग माझ्या मनातून आजवर गेलेला नाही.

जायच्या दिवशी बूट घालताना ते म्हणाले, “राहू दे, हितंच बरी हाईस तू. तिकडं न्हाई निभायचं तुझं.” आई “व्हय” म्हणाली आणि भाकरी बांधायला आत गेली. क्वार्टरचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढचा धडा मी तिच्यापुढं धरला तर म्हणाली, “तुझं तू कर.” परीक्षेत त्या वाटसरूच्या धड्यावरचे सगळे शब्द माझे बरोबर आले. गुरुजींनी पाठ थोपटली. घरी येऊन मी मार्क सांगितलेच नाहीत.

वडील पेन्शनवर आले तेव्हा दोघांना सोबत बसून बोलायची सवयच उरली नव्हती. शेवटच्या दुखण्यात ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी आई उशाशी होती. ते तिच्याकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “तुला न्यायला पायजे हुतं गं.” तिनं त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग ते म्हणाले, “जल दे.”

या वेळी ते थट्टा करत नव्हते. आईनं भांडं त्यांच्या ओठांना लावलं.

“पाणी म्हणा,” ती म्हणाली. “मला तेवढंच येतंय.”