येणार की नाही, तेवढं सांगा

आमच्या खान्देशात माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'पाहू', 'येऊ ना', 'काय घाई आहे', 'तुमचंच घर आहे ताई', असं काहीही म्हणेल. पण नाही म्हणायचं म्हणजे समोरच्याच्या दाराला लाथ मारल्यासारखं त्याला वाटतं. लग्नात हे चालतं. पंगतीला दहा माणसं वाढली तर आमटीत दोन तांबे पाणी घालता येतं. पण माझं काम प्रशिक्षणाचं, आणि मशीनमध्ये पाणी घालून चालत नाही.

जळगावातल्या एका प्रशिक्षण केंद्रात मी बायकांच्या कार्यशाळांचं बघते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी केळीच्या वेफर्सची दोन दिवसांची निवासी कार्यशाळा ठरली. दहा टेबलं, प्रत्येक टेबलावर काप करायची एक मशीन, मशीनभोवती चौघी. पाचवी नाही. शिकवायला येणारे सर त्या बाबतीत कडक होते. "ताई, पातं धारदार असतं. दाटी झाली की कोणाचं तरी बोट जाईल," असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. म्हणजे चाळीस खुर्च्या, त्यातली एक वाढणार नाही, आणि एखादी रिकामी राहिली तर बाहेर वाट पाहणाऱ्या बायका मला माफ करणार नाहीत. कारण अर्ज दुप्पट आले होते.

चाळीसजणींना निमंत्रणं गेली. उत्तर द्यायची शेवटची वेळ गुरुवारी संध्याकाळी पाच. मंगळवारी कार्यशाळा. मधल्या दिवसांत खानावळीला आकडा द्यायचा, खोल्या लावायच्या, आणि ज्या येणार नाहीत त्यांच्या जागी प्रतीक्षा यादीतल्या बायकांना बोलवायचं. त्यांनाही घरदार आवरून निघायला दोन-तीन दिवस नकोत का?

सोमवारी पाहते तर बाराजणींचा पत्ताच नाही. अळीमिळी गुपचिळी. मी आठवणीचा मेसेज लिहिला आणि घाईघाईत तो टाकला सगळ्यांच्या ग्रुपवर. झालं! ज्यांची उत्तरं आधीच आली होती, त्या सगळ्यांनी पुन्हा उत्तरं दिली. फुलं आली, जोडलेले हात आले, 'शुभ सकाळ' आलं, एकीने तर नातवाचा फोटो पाठवला. आणि त्या बाराजणी तशाच गप्प. मग शहाणी झाले. फक्त त्या बाराजणींना एकेकीला वेगळं लिहिलं: कार्यशाळा कुठली, कधी, कुठे, 'येणार' किंवा 'नाही' एवढंच कळवा, गुरुवारी पाचपर्यंत कळलं नाही तर जागा दुसऱ्या बहिणीला देऊ, कारण खुर्च्या मोजक्या आहेत.

बुधवारी फोन सुरू केले. फोनवर मी एक वाक्य ठरवून ठेवलं होतं: "नाही म्हणालात तर मला राग येणार नाही, उलट दुसऱ्या कुणाचं तरी भलं होईल." त्या वाक्यानं जादू केली. कुणाच्या घरी पाहुणे होते, कुणाची कापणी होती. तिघींनी मोकळेपणानं नाही सांगितलं, बाकीच्यांनी हो. त्या तीन जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या तिघींना मी लगेच दिल्या. आता यादीत पुढचा नंबर होता धुळ्याकडच्या एका बाईचा. सगळी तयारी करून बसलेली ती रोज सकाळी जागा झाली का म्हणून फोन करायची. "ताई, जागा व्हयनी का? बठ्ठी तयारी शे मनी." तिच्या गटाला मशीन मंजूर झाली होती, पण गटातली एकजण शिकून आल्याशिवाय ती हातात मिळणार नव्हती. मी तिला शब्द दिला होता की गुरुवारी पाच वाजता काय ते सांगेन.

आणि उरली होती एकच. फैजपूरजवळच्या गावातली एक सून.

ही पोर मला ठाऊक होती, म्हणजे तिचा आवाज ठाऊक होता. अर्ज तिनं स्वतः भरला होता. आठवड्यापूर्वी शेजारणीच्या फोनवरून तिनं मला गाठलं होतं, दबक्या आवाजात. "ताई, फोन सासऱ्यांजवळ असतो. तिकडून उत्तर नाही आलं तरी माझं नाव ठेवा. लग्न झाल्यापासून मी कुठे काही शिकायला गेलेली नाही." मी म्हटलं, "बाई गं, नाव कसं ठेवू? घरचे पाठवणार की नाही ते मला कळायला नको?" ती म्हणाली, "तुम्ही विचारा ना त्यांना." आणि फोन ठेवला.

विचारलं की! मेसेज गेला, दुसरा गेला, दोन्हींवर वाचल्याच्या निळ्या खुणा. गुरुवारी जेवणं झाल्यावर फोन लावला, तर म्हातारबुवांनी उचलला. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. आवाज शांत, घाई कसली म्हणून नाही.

"आबा, सूनबाईंचं कळवलं नाहीत. आज पाचपर्यंत सांगायचं आहे."

"पाहू ना."

"पाहू नको आबा. येणार की नाही, तेवढं सांगा. नसेल यायचं तर तसं सांगा, माझा राग नाही."

माझं जादूचं वाक्य तिथे फुकट गेलं. आबा म्हणाले, "ताई, आमच्या घरची सून अशी मोबाइलवरच्या निरोपानं जात नाही. तुम्ही बोलावणं धाडलं, चांगलं केलं. पण घेवाले कोन येईल? माहेरी जायचं तरी मुराळी येतो. दोन दिवस परक्या ठिकाणी ऱ्हायाचं, आन् दारात कोणी येऊन इचारत नाही?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आबा, मी चाळीस घरी कुठे मुराळी पाठवू?" आणि फोन ठेवून दिला. खुर्चीत बसून तणतणत होते मी. पण खरं सांगू का, तो राग सगळा आबांवर नव्हता. मुराळी म्हणजे सासरच्या दारात येऊन लेकीला माहेरी घेऊन जाणारा माणूस. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे घरोघरी तो येतो. माझा भाऊ वरणगावहून यायचा, दरवर्षी, एस.टी.नं, हातात पिशवी. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मला घ्यायला कुणी आलेलं नाही, आणि घ्यायला कुणी आल्याशिवाय मीही गेलेली नाही. आबांचं म्हणणं मला नेमकं कळत होतं, म्हणूनच ते झोंबलं.

जरा वेळानं डोकं ताळ्यावर आलं तेव्हा आठवलं, त्याच गावातली एक अक्का यादीत आहे. पासष्टीची बाई, बचत गटाची अध्यक्ष. निमंत्रण पोचल्या पोचल्या सगळ्यांत आधी तिचंच 'येणार' आलं होतं. फोनवर म्हणाली होती, "जनमभर हातानं काप केले. आता एकदा मशीनवर हात फिरवून पाहायचा आहे मले." तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"एवढंच ना वं," अक्का म्हणाली. "जाते मी त्याच्या ओसरीवर. पण तो म्हतारा आधी चहा पाजीन, मग पाऊसपाणी बोलीन, मग मुद्द्यावर येईन. टाइम लागीन."

"पाचच्या आत, अक्का."

"पाहते."

पुन्हा तेच 'पाहू'! घड्याळाकडे बघत बसले. साडेचार झाले, पावणेपाच झाले. अक्काचा फोन लागेना. पाच वाजले, आणि धुळ्याचा फोन आला. त्या बाईनं एका शब्दानं घाई केली नाही. नुसतं म्हणाली, "ताई, पाच वाजनात."

मी शब्द दिला होता. नियम मीच केला होता, सगळ्यांना लिहून कळवला होता. आणि हिच्याकडून कुणी 'पाहू' म्हणत नव्हतं. "या तुम्ही," मी म्हटलं. "जागा तुमची." ती एवढी आनंदली, की तिच्या आनंदातही मला त्या पोरीचा दबका आवाज ऐकू येत होता. खानावळीला आकडा कळवला. चाळीस.

आणि मग अक्काचा फोन. "हो म्हने तो! मी सांगतलं, मीच मुराळी आहे, मी नेते, मीच परत आणून घालते. पोरीनं पिशवी भरायला घेतली वं ताई!"

कसंबसं सांगितलं, की जागा गेली. पाचला दिली. एक्केचाळिसावी खुर्ची बसत नाही, मशीनचं असं असं आहे. रडूच आलं होतं मला, लपवत नाही. म्हटलं, "अक्का, आता काय तोंडानं तिला सांगू मी?"

अक्का म्हणाली, "माझी खुर्ची दे तिले."

"आणि तुम्ही?"

"मी तर मुराळी. मुराळ्याले पंगतीत बसाले भेटलं नाही तर चालतं. फक्त खानावळीत एक ताट वाढव माझं."

मंगळवारी दोघी आल्या. ती सून माझ्या अंदाजापेक्षा उंच निघाली, आणि दबका आवाज काही तिचा खरा आवाज नव्हता. पहिल्याच दिवशी सरांना तिनं इतके प्रश्न विचारले की ते हसायला लागले. तिच्या टेबलावर समोरच धुळ्याची बाई बसली होती. दोघींना एकमेकींची गोष्ट ठाऊक नव्हती, मीही सांगितली नाही. अक्का दोन्ही दिवस हॉलबाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली. दारातून मशीन दिसेल अशी खुर्ची तिनं स्वतः सरकवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सरांनी तिला आत बोलावलं, एक केळं तिच्या हातात दिलं. काप भराभर खाली पडले, तशी अक्का लहान मुलीसारखी हसली. मी तिला थँक्यू म्हणायला गेले, तर म्हणाली, "ते जाऊ दे. तुले कोण येतं वं घेवाले?" मी म्हटलं, कोणी नाही.

अखाजीच्या आधी आठवडाभर, दुपारी ऑफिसात असताना तिचा फोन आला.

"मी येते तुले घेवाले. सकाळच्या गाडीनं येते, आपण दुपारले घरी. अखाजीचा झोका बांधला आहे आबाच्या सुनेनं. येतीस का नाही?"

म्हटलं, "पाहू ना, अक्का."

"पाहू नको म्हणू," अक्का डाफरली. "येणार का नाही, तेवढं सांग. पाचच्या आत सांग. खापरावरच्या पोळ्या मोजून कराव्या लागतात मले."

पाच वाजायला अजून वेळ होता. मी थांबले नाही. म्हटलं, "येणार."