काम पाहून विचार

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाटाणे सोलणं. गच्चीवर ऊन होतं. ती सोलत होती, मी निम्मे खात होतो. मध्येच म्हणाली, "त्या वर्षी तुम्ही पाच रुपये घेऊन बसला असता." मी म्हटलं, "नसतो बसलो." "बसला असता," म्हणाली आणि परात माझ्यापासून लांब सरकवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. भांडणात शेवटचा शब्द तिचाच राहिला. आता खरं काय झालं ते लिहून ठेवतो, कारण या बाबतीत ती म्हणत होती तेच बरोबर होतं आणि तोंडावर मी ते कधी कबूल केलं नाही.

मी शिकलो चौथीपर्यंत. सैन्यात गाड्या दुरुस्त करत जयपूरला आलो, सैन्यातून सुटलो आणि इथेच आमेर रोडवर एका शेठजींच्या मोटार वर्कशॉपमध्ये मिस्त्री म्हणून लागलो. ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. शेठजींनी नोकरीचा कागद दिला होता. त्यात पगार नव्वद आणि खाली एक ओळ: 'काम देखकर हर साल वेतन पर विचार किया जाएगा.' मला वाटलं, झालं, दर वर्षी वाढ. सैन्यात वाढ आपोआप यायची, मागायची वेळ कधी आली नव्हती. पहिली तीन वर्षं शेठजींनी प्रत्येक दिवाळीला दोन रुपये वाढवले, म्हणून माझी खात्रीच झाली. चौथ्या दिवाळीला हातात नुसती मिठाई आली. मुनीमजी म्हणाले, "सेठजी ने सोच लिया, इस साल नहीं होगा."

तेव्हा आमची पोरगी दोन वर्षांची होती आणि दुसरं बाळ पोटात होतं. एका खोलीत राहत होतो. शेजारची खोली रिकामी झाली होती, तीही घेतली तर भाडं सहा रुपये जास्त. घरमालकीण, म्हणजे मकानवाल्या माँजी म्हणाल्या होत्या, महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी ठेवते, पुढे दुसऱ्याला देणार. म्हणजे वाढ मिळाली तर खोली, नाही तर चौघं एका खोलीत.

मी तडक लेबर ऑफिसात गेलो. तिथले तडजोड अधिकारी भले माणूस. कागद दोनदा वाचला, चष्मा काढला.

"मिस्त्रीजी, इसमें बढ़ोतरी कहाँ लिखी है?"

"विचार लिखा है ना साहब!"

"विचार लिखा है, तो विचार माँगो. पैसा कैसे माँगोगे?"

मी म्हटलं, तीन वर्षं दिली की. ते म्हणाले, ती त्यांची खुशी होती. खुशीनं दिलेलं चौथ्या वर्षी हक्कानं मागता येत नाही. कोर्टात गेलास तरी कोर्ट कागदात आहे तेवढंच बघणार. कागदात ग्रेड असता, म्हणजे नव्वद, दर वर्षी तीन, असं एकशे वीसपर्यंत, तर ती वाढ तुझी होती आणि कारण दिल्याशिवाय मालकाला अडवता आली नसती. दुसरा रस्ता म्हणजे युनियननं किंवा सगळ्या कामगारांनी मिळून ग्रेडची मागणी करायची. ती न्यायाधिकरणापुढे गेली तर तिथे नवा ग्रेडसुद्धा ठरवून मिळतो, पण त्याला वर्षं लागतात. एकट्या माणसाच्या वाढीचं भांडण मला हातात घेता येत नाही, असंही ते म्हणाले.

आमच्या वर्कशॉपात नऊ माणसं. युनियनचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम घरी काम आठवायचं.

घरी येऊन मी शिव्या घातल्या. कागदाला, शेठजीला, ज्यानं कागद लिहिला त्याला. ही सातवीपर्यंत शिकलेली, कणीक मळत ऐकत होती. हात धुतले, कागद घेतला.

"अहो, मी माहेरी जाऊ का म्हणून विचारते तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

"बघू म्हणतो."

"मग मी कधी ऑफिसात गेले का? बघू म्हणजे जा असं होत नाही, तेवढं मला कळतं."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"खोलीच्या." मग ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "पण हे बघा. नुसता विचार नाही लिहिलेला. काम देखकर लिहिलंय. त्यांनी काम पाहिलं का तुमचं? विचारलं का काही? मिठाई देऊन सोच लिया म्हणजे विचार झाला का?"

पुढचे तीन दिवस ती संध्याकाळी माझ्याकडून वर्षभराचं काम वदवून घ्यायची आणि पोरीच्या पाटीवर लिहायची. पाटी भरली की कागदावर उतरवायची. मला गाड्यांचे नंबर आठवायचे, महिने आठवायचे नाहीत. ती म्हणायची, "तो ट्रक आला तेव्हा आंबे होते की गाजरं?"

तो कागद घेऊन मी शेठजींपुढे उभा राहिलो. म्हटलं, "शेठजी, पैसे मागत नाही. विचार मागतो. आपण लिहून दिलाय." शेठजी आधी हसले. मग नोकरीचा कागद मागवून वाचला आणि हसणं थांबलं. मला स्टूल दिलं.

"इंजन कितने खोलकर बाँधे?"

"ग्यारह."

"वापस कितने आए?"

"एक. वो भी ड्राइवर ने बिना पानी के चलाया."

"तुम तो ड्राइवर का ही दोष बताओगे."

"तो ड्राइवर को बुला लो. वो मेरा ही दोष बताएगा, हिसाब बराबर!"

मुनीमजी वहीत तोंड घालून हसले. अर्धा तास विचारपूस झाली. दोन गोष्टींवर मी बोलणी खाल्ली, उशिरा येण्यावर आणि तोंड चालवण्यावर. दोन्ही खऱ्या होत्या. शेवटी शेठजी म्हणाले, "ठीक है. इस महीने से पाँच बढ़ा दूँगा. लिखूँगा नहीं."

लेबर ऑफिसातलं डोक्यात होतं, म्हणून मी विचारलं, "आणि ग्रेड लिहून दिला तर?"

ते म्हणाले, "ग्रेड लिखा तो आज जो मिलता है उसी से शुरू, बढ़ोतरी अगली दिवाली से, हर साल तीन. इस साल कुछ नहीं. कल बता देना."

आजचे पाच म्हणजे खोली. भाड्याला एक रुपया कमी पडणार होता, पण तो मी विडी सोडून काढला असता. मी पाचाच्याच बाजूनं घरी आलो, हे इथे कबूल करतो.

ती म्हणाली, "पुढच्या दिवाळीला परत स्टूलावर बसायचं? आणि त्याच्या पुढच्या? मला दर वर्षी आंबे-गाजरं मोजत बसायचं नाही."

"अगं, खोली?"

"नाही मिळाली तर नाही. पोर काय लगेच पाय पसरून झोपणार आहे?" आणि पोट धरून इतकी हसली की मलाही हसू आलं. मी भांडलो तरी. तासभर भांडलो. पण तिच्या डोळ्यांत मकानवाल्या माँजींची ती खोली दिसत होती आणि तरी ती नको म्हणत होती, तिथे मी भांडण सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठच्या आत पोहोचलो, बोलणी खाल्ली होती ना. शेठजींना म्हटलं, "पाच नकोत. ग्रेड लिहा." मुनीमजींनी लिहिला, मी ओळ न ओळ बोट ठेवून वाचली, सही केली. मग तासभराची सुट्टी मागून सायकलनं घरी आलो आणि माँजींना सांगितलं की खोली दुसऱ्याला देऊन टाका.