कार्ड वाजलं की नाही

ट्रामचं दार बंद झालं, गाडी बेल स्ट्रीटच्या थांब्यावरून हलली, आणि पोलिना व्हासालोच्या लक्षात आलं की आपण कार्ड टेकवलं की नाही हे आपल्याला आठवत नाही.

कार्ड हातात होतं. म्हणजे टेकवायला काढलेलं होतं. दाराजवळच्या यंत्राचा आवाज तिने ऐकला होता, हे नक्की. पण तिच्या पुढे साल्वू चढला होता आणि त्याच्या हातातही कार्ड होतं. आवाज एकदाच झाला की दोनदा?

पोलिना चौऱ्याहत्तर वर्षांची. एकविसाव्या वर्षी माल्टाहून मेलबर्नला आली, दोन वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात काढली आणि मग ट्रामवर कंडक्टर म्हणून लागली. पंचवीस वर्षं खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची चळत. अठ्ठ्याण्णव साली कंडक्टर काढून टाकले, तेव्हा पिशवी परत देणाऱ्यांच्या रांगेत तीही होती. त्यानंतर ट्राममध्ये तिकीट विकणारं माणूसच उरलं नाही. आता पैसे आधी भरायचे, दुकानात किंवा थांब्यावरच्या यंत्रात. चढताना फक्त कार्ड टेकवायचं. गाडीत चढून सुट्टे पैसे दाखवले तर घ्यायला कोणी नाही. पोलिना दर सोमवारी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे कार्डात पैसे भरते. त्यात ती कधी चुकली नव्हती. चूक झाली होती ती टेकवण्यात, दोन महिन्यांपूर्वी.

त्या वेळी तपासनिसाने नाव-पत्ता लिहून घेतला आणि तीन आठवड्यांनी दंडाचं पत्र आलं. ते डोरीनने फोडलं. डोरीन तिची मुलगी, दर रविवारी येते आणि टपाल बघते. दंड तिनेच भरला. पण त्याच महिन्यात किटली जळाली होती आणि मागचं दार रात्रभर उघडं राहिलं होतं. डोरीन म्हणाली, "मा, आणखी एक असं पत्र आलं ना, तर आपण डॉक्टरकडे जायचं. आणि मग तू या घरात एकटी राहणार नाहीस. मी एक जागा बघून ठेवली आहे, स्वच्छ आहे, बाग आहे."

"बाग मला आहे," पोलिना म्हणाली होती.

"आहे ना. आणि किटली?"

तेव्हापासून दर वेळी ट्राममध्ये बसल्यावर ती कार्ड वाजल्याचा आवाज आठवून बघायची.

साल्वू मिफसूद शेजारी बसला होता. तो ट्रामचा जुना ड्रायव्हर, वय अठ्ठ्याहत्तर. दोघांनी याच एकोणीस नंबरच्या मार्गावर एकत्र नोकरी केली होती. आज तो दातांच्या डॉक्टरकडे निघाला होता, ती बाजाराला. गुरुवारी ती मासे आणते. खांबावरच्या वेळापत्रकाशी दोघं भेटली होती.

"बघ," साल्वू खिडकीबाहेर बोट दाखवत म्हणाला. "त्या पांढऱ्या गाडीला उजवीकडे वळायचंय. आता आपण तिच्या मागे. सत्तर माणसं एका माणसाच्या मागे."

सिडनी रोडवर ट्रामला वेगळा रस्ता नाही. रूळ आणि मोटारी एकाच पट्ट्यात. ड्रायव्हरने घंटा वाजवली. पांढरी गाडी जागची हलली नाही.

"मी असतो तर दोनदा वाजवली असती," साल्वू म्हणाला.

"तू असतास तर धडकवली असतीस. सदुसष्ट नंबरच्या डब्याचा पुढचा भाग कोणी चेपला होता?"

"तो ब्रेडवाल्याने चेपला. कागदोपत्री आहे."

"कागद तूच लिहिला होतास."

साल्वू हसला. पोलिनाही हसली, पण अंगठा कार्डाच्या कडेवर फिरत होता. त्याला सरळ विचारता आलं असतं, माझं वाजलं का रे? पण साल्वूची बायको आणि डोरीन एकाच चर्चमध्ये जातात. असला प्रश्न रविवारपर्यंत डोरीनच्या कानावर गेलाच असता.

"ही यंत्रं हल्ली फार हळू वाजतात," ती म्हणाली.

"तुझे कान हळू झालेत, कंडक्टरबाई."

"तुझं तरी वाजलं का?"

"माझं वाजलं. नाहीतर ट्राममध्ये कोण बसेल? तुझ्या हाती सापडलो तर तू सोडशील का मला?"

त्याने तिच्याबद्दल काही म्हटलं नाही. त्याला माहीत नव्हतं की तो लपवत होता, हे तिला कळेना.

आणखी एक मार्ग होता. उठायचं, दाराजवळ जायचं, कार्ड टेकवायचं. पण ती अडली ती इथेच. एकदा टेकवलेलं कार्ड पुन्हा टेकवलं की यंत्र समजतं, माणूस उतरला. चढताना टेकवलं असेल, तर आता टेकवून ती स्वतःच स्वतःचा प्रवास बंद करणार होती. टेकवलं नसेल, तर आता टेकवणं एवढंच बरोबर होतं. दोन्हींतलं काय, हे फक्त यंत्राला माहीत होतं. पडद्यावर अक्षरं येतात, पण ती तिला चष्म्यातूनही धड वाचता येत नसत, आणि वाचेपर्यंत जातात.

मोअरलँड रोड गेला. थांब्यांच्या पाट्यांवरचे आकडे शहराकडे जाताना उतरत जातात. पोलिना ते मोजत होती. थांबा गेला की आकडा एकाने कमी. पंचवीस वर्षं तिने हे आकडे न बघता सांगितले होते. आज दोन पाट्यांच्या मधे तिला आधीची आठवेना, आणि तिने पुढची दोनदा वाचली.

ब्रन्सविकच्या मधोमध एका थांब्यावर चार जण चढले. दोघं पुढच्या दाराने, दोघं मागच्या. साध्या कपड्यांत होते, पण पोलिनाने ओळखलं. चढल्यावर बसायला जागा न बघणारी माणसं दोनच प्रकारची असतात, चोर आणि तपासनीस. कार्ड न टेकवलेली माणसं तिला अजूनही चेहऱ्यावरून कळत. ती खिडकीबाहेर बघतात किंवा खिशात हात घालतात. आपण आत्ता खिडकीबाहेर बघतोय, हे तिच्या लक्षात आलं.

दार अजून उघडं होतं. उतरता येईल. ती उठली.

"इथे कुठे?" साल्वूने विचारलं. "बाजार लांब आहे."

"ब्रेड घ्यायचा राहिलाय."

मधल्या दाराच्या पायरीवरून तिने एक पाय खाली घेतला. इथे फलाट नाही. पायरीखाली थेट रस्ता, मग कडेचा आणखी एक पट्टा मोटारींचा, मग पदपथ. ट्राम थांबलेली असताना मागच्या गाड्यांनी थांबायचं असतं. एक निळी गाडी थांबली नाही. तिच्या आरशाने पोलिनाच्या पिशवीचा बंद ओढला आणि गाडी पुढे गेली. पोलिनाने दांडा दोन्ही हातांनी धरला. पाय वर घेतला. कोणीतरी तिच्या कोपराला धरलं होतं.

"सावकाश, बाई. लागलं का?"

तिशीतली मुलगी होती. गळ्यातल्या पट्ट्याला ओळखपत्र, हातात कार्ड वाचायचं लहान यंत्र. नाव लुपे होतं, ओळखपत्रावर ठळक लिहिलेलं.

"नाही. लागलं नाही."

"त्या गाडीवाल्याचा नंबर कोणी घेतला का?" लुपेने मागे बघून विचारलं. कोणी घेतला नव्हता. दार बंद झालं. "उतरायचं होतं ना? पुढच्या थांब्यावर मी उतरवते तुम्हाला. बसा आधी. आणि आता धरलंच आहे, तर कार्ड बघू का?"

पोलिना साल्वूच्या शेजारी बसली. पिशवी तिने मांडीवर ठेवली. कार्ड दिलं, ज्येष्ठ नागरिकांचं ओळखपत्र दिलं. सवलतीचं तिकीट असेल तर तेही दाखवावं लागतं, हे तिला आठवलं, आणि त्यातही तिला बरं वाटलं. लुपेने कार्ड यंत्राच्या पाठीला लावलं.

डोरीनने बघून ठेवलेल्या जागेची बाग पोलिनाच्या डोळ्यांसमोर आली. तिने ती कधी पाहिली नव्हती.

"ठीक आहे," लुपे म्हणाली. "अकरापर्यंत चालू आहे."

साल्वू म्हणाला, "हिच्याकडे कार्ड मागतेस, पोरी? ही तुझ्या जन्माआधी बिनतिकीट लोकांना उतरवत होती."

"मग काकूंना माहीतच असेल," लुपे हसून म्हणाली. "या गाडीत मात्र टेकवलं नाहीत हं. तिकीट चालू असलं तरी प्रत्येक गाडीत टेकवायचं असतं. जाऊ दे, दोन तासांतच आहे. यासाठी मी नाव लिहीत नाही."

"दोन तास कुठले?" पोलिनाने विचारलं. "मी आत्ताच निघाले."

लुपेने यंत्राकडे पुन्हा पाहिलं. "आठ वाजून पाच मिनिटांनी, एकोणीस नंबर. मग नऊ वीसला, एकोणीस नंबर. आठ पाचच्या तिकिटाचे दोन तास नऊपासून धरतात, म्हणून अकरा. सकाळपासून फिरताय की तुम्ही."

"दुसऱ्या कोणाचं असेल."

"कार्ड तर तुमच्याच पिशवीतून निघालं, काकू." तिने कार्ड परत केलं आणि पुढच्या बाकाकडे वळली.

साल्वू समोरच्या खांबाकडे बघत बसला, जसा ड्रायव्हर सिग्नलकडे बघतो.

नाव लिहिलं गेलं नव्हतं. पत्र येणार नव्हतं. पोलिनाने आठ वाजून पाच मिनिटं शोधायचा प्रयत्न केला. सकाळी उठणं सापडलं. कॉफी सापडली. मग थेट बेल स्ट्रीटचा खांब आणि साल्वू. मधे काहीच नव्हतं. अंधारसुद्धा नव्हता, नाहीतर निदान तिथे काहीतरी होतं असं वाटलं असतं.

"पोलिना," साल्वू हळूच म्हणाला, "मी येऊ का घरापर्यंत?"

"तुझे दात?"

"दात कुठे जातात."

पुढच्या थांब्यावर दोघं उतरली. आधी साल्वू रस्त्यात उभा राहिला, हात आडवा करून, आणि मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या. पलीकडच्या खांबावर त्यांनी परतीची ट्राम घेतली. चढताना पोलिनाने कार्ड टेकवलं आणि साल्वूकडे पाहिलं.

"वाजलं," तो म्हणाला.

घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात बाजाराच्या कागदात गुंडाळलेले मासे होते. कागद अजून ओला होता. तिने नेहमीच्या माणसाकडून, नेहमीएवढेच आणले होते. माशांची पिशवी धुऊन दाराच्या मागे वाळत घातलेली होती, पाणी अजून ठिबकत होतं. आत्ता हातात होती ती दुसरी पिशवी.

साल्वू स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "मी कोणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "बायकोलाही नाही."

"तू सांगशील. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"या वेळी नाही सांगणार."

तिने फ्रिज बंद केला. पत्र आलं असतं तर भांडता आलं असतं. ते यंत्राचं खोटं आहे म्हणता आलं असतं, तपासनीस उद्धट होता म्हणता आलं असतं. कार्डाने तर तिचीच बाजू घेतली होती.

फोन भिंतीवर होता. डोरीनचा कामावरचा नंबर तिला पाठ होता. तो एका दमात फिरवता आला, म्हणून ती आणखीच घाबरली.

"मा? काय झालं? आज गुरुवार आहे."

"डोरीन," पोलिना म्हणाली, "आज तपासनीस आले होते. तिकीट बरोबर निघालं." पलीकडून उत्तर येईपर्यंत ती थांबली नाही. "तू डॉक्टरांची वेळ घे. मी का म्हणतेय ते आल्यावर सांगते. आज ये. आज आलीस तर मला सांगता येईल."