नवव्या उपचाराखालची ओळ

मुळशीच्या वाटेवर, धरणाच्या अलीकडे, एक निसर्गोपचार केंद्र होतं. त्याच्या कचेरीत मी सात-आठ वर्षं काढली. रोजनिशी लिहायची, पत्रांना उत्तरं द्यायची, आलेल्या रोग्याचं नाव-गाव उतरवून घ्यायचं, असं काम. सगळे मला आपा म्हणायचे. सकाळी पौडहून एसटीने जायचं, संध्याकाळी मिळेल त्या गाडीने परतायचं. शाळा माझी सातवीपर्यंतच. इंग्रजी शिकले ती अब्बांच्या दुकानातल्या रद्दीवर. पुड्या बांधायला इंग्रजी वर्तमानपत्रं यायची. पुडी बांधण्याआधी मी कागद वाचून घ्यायची आणि गिऱ्हाईक ताटकळायचं. अब्बा ओरडायचे, पण पुढच्या खेपेला इंग्रजी रद्दी मुद्दाम वेगळी ठेवायचे. एवढंच माझं शिक्षण, म्हणून आधीच सांगून टाकलं. पुढं जे सांगणार आहे त्यात मी शहाणी होते असं कुणाला वाटायला नको.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. पिरंगुटला कारखाने येत होते, तिथल्या कामगारांच्या बायका, आसपासच्या गावांतल्या शेतकरणी केंद्रात यायला लागल्या होत्या. त्याआधी यायचे ते पुण्या-मुंबईचे शिकलेले लोक. त्यांच्यासाठी उपचारांचा दोन पानी इंग्रजी कागद होता. डॉक्टरांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, याचं मराठी करा, छापून घेऊ.

चौदा उपचार होते. मातीची पट्टी, कटिस्नान, वाफेचं स्नान, ओल्या चादरीचा लपेटा, एनिमा, रसाहार, उपवास, असे. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात कुणी हा उपचार घेऊ नये ते लिहिलेलं. उपचारांची नावं झाली पटकन. जीव गेला तो खालच्या बारीक अक्षरांत. हर्नियाला मी शब्दकोशातून ‘अंतर्गळ’ काढलं. ते आमच्या स्त्री-विभागातल्या मावशींना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, हे कुनाला व्हतं? मग हर्नियाच ठेवलं. साखरेच्या आजाराच्या गोळ्या किंवा सुई चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. दम्याच्या माणसाने थंड पाण्याच्या टबात बसू नये. पोटात जखम असेल त्याने मिठाचं पाणी पिऊन उलटी काढू नये. घरचा स्वयंपाक आवरला की मी रोज एकेक उपचार मराठीत उतरवायला घ्यायची. नवरा शिंपी. त्याच्या मशीनच्या आवाजात एक वाक्य चार-चार वेळा खोडायची. डोळे चुरचुरायचे, पण चूक झाली तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल हे कळत होतं.

नववा उपचार वाफेचं स्नान. त्याखाली मी लिहिलं: रक्तदाब, हृदयविकार किंवा ताप असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी हा उपचार घेऊ नये. डॉक्टरांनी वाचलं, बरोबर आहे म्हणाले, आणि पाचशे प्रती पुण्याहून छापून आल्या.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. त्या शेजारच्याच वाडीच्या. पन्नाशीच्या, अंगाने दांडग्या, बोलायला फटकळ. अक्षरओळख नाही. पण मी तीनदा वाचून दाखवलेला कागद त्यांना चौदाच्या चौदा उपचारांसकट पाठ झाला. येणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना वाचता यायचं नाही, त्यांना मावशी टबाशेजारी बसवून सगळा कागद म्हणून दाखवायच्या. बीपी हाय का, दम लागतो का, दिवस गेलेत का. लग्न होऊन चारच महिने झालेल्या पोरी लाजून पदर तोंडात धरायच्या आणि मावशी म्हणायच्या, लाजू नगंस, मी काय तुजी सासू न्हाई.

त्या पावसाळ्यानंतर महाळुंग्याकडची एक बाई सासूबरोबर आली. तिशीची. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. त्यासाठीच आणली होती. दवाखाने, देवऋषी, सगळं करून झालं होतं. नोंद मीच घेतली. आमच्या फॉर्मवर ‘मुले किती’ असा रकाना होता, त्यात मी ‘नाही’ लिहिलं. सासू शेजारून म्हणाली, ल्ह्या ल्ह्या, ठळक ल्ह्या. सुनेने मान वर केली नाही. डॉक्टरांनी दहा दिवसांचे उपचार लिहून दिले. त्यात तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड वाफ होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पुण्याला गेले होते. अकराच्या सुमारास मावशी धावत कचेरीत आल्या. मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं.

वाफेची लाकडी पेटी असायची. माणूस आत स्टुलावर, मुंडकं तेवढं बाहेर, डोक्यावर ओला टॉवेल. ती बाई पेटीत पाच मिनिटं बसली असेल-नसेल, तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मावशींनी तिला लगेच बाहेर काढून चटईवर निजवलं होतं, पायांखाली उशी दिली होती. मी गेले तर चेहरा पांढराफटक. ओल्या फडक्याने तोंड-मान पुसली. नीट शुद्धीवर आल्यावर घोट-घोट पाणी दिलं. सकाळी काय खाल्लं विचारलं. ती म्हणाली, मळमळतंय म्हणून काही नाही. कधीपासून मळमळतंय? त्यावर ती दाराकडे बघायला लागली. दारात सासू उभी होती.

मी सासूला लिंबू-पाणी आणायला स्वयंपाकघरात धाडलं. मग विचारलं, पाळी कधी आली होती?

“दोन म्हैनं झालं,” ती म्हणाली. “सांगू नका, आपा.”

हळूहळू तिनेच सांगितलं. याआधी दोनदा तिची पाळी लांबली होती. दोन्ही वेळा आनंदाने तिने घरात सांगितलं आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात आली. दुसऱ्या खेपेला जावा हसल्या होत्या. तेव्हापासून तिने मनाशी धरलं होतं, पाचवा लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पोटात खरंच काही आहे यावर तिचाही विश्वास बसला नव्हता. आता मात्र तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, “वाफंनं काय झालं आसंल का?”

मला काय माहीत? कागदावर ‘घेऊ नये’ एवढंच होतं. घेतली तर काय, ते नव्हतं. मी म्हटलं, दुखतंय का, अंगावर काही दिसतंय का? नाही म्हणाली. मग नुसती पडून राहा, डॉक्टर येईपर्यंत उठू नको, म्हटलं.

बाहेर येऊन मी मावशींना धरलं. तिला कागद वाचून दाखवला होता का? दाखवला म्हणाल्या. सगळा? त्या म्हणाल्या, “येवढं सोडून.”

“का सोडलं?”

“नऊ वरसं जिची कूस उजवली न्हाई, तिला म्या इचारू दिवस गेलेत का म्हनून? ते बी सासूपुढं? आपा, तुमी इचारलं आसतं?”

माझ्या हातानेच तर ‘नाही’ लिहिलं होतं. आणि ‘नाही’ लिहिल्यावर पुढचा प्रश्न मलाही सुचला नव्हता. मूल व्हावं म्हणून जी आली, तिलाच कधीही दिवस जाऊ शकतात, तिलाच सगळ्यात आधी विचारायला हवं. आता सांगताना किती सोपं वाटतं! तेव्हा आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. मावशींनी माया केली, आणि त्या मायेने ती बाई पेटीत जाऊन बसली.

डॉक्टर चारला आले. नाडी पाहिली, किती मिनिटं ते मावशींकडून दोनदा विचारून घेतलं. म्हणाले, पाच मिनिटांत अंग फारसं तापलं नसेल, पण मी खात्री देऊ शकत नाही. इथले सगळे उपचार बंद. उद्याच पुण्याला बायकांच्या डॉक्टरकडे जाऊन लघवी तपासून घ्या. हे सुनेला विचारून मग सासूला सांगावंच लागलं. मला वाटलं सासू हरखेल. ती मटकन खाली बसली. मग मला म्हणाली, “तुमच्या कागदावर काय लिवलंय ते वाचा.”

मी वाचलं. गरोदर स्त्रियांनी हा उपचार घेऊ नये.

“आनि ह्ये आमाला आज सांगताय व्हय,” ती म्हणाली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघी गेल्या. मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले, पण माझ्याशी कुणी बोललं नाही.

त्या आठवड्यात मी, डॉक्टर आणि मावशी कागद घेऊन बसलो. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक बाईला पाळीची तारीख विचारा. मावशी म्हणाल्या, चारचौघींत कुनी सांगायची न्हाई, आनि बिनलग्नाच्या पोरीला इचारलं तर तिची आई मला झोडपंल. बराच काथ्याकूट झाला. शेवटी मावशींनीच तोड काढली. इचारायचं कशाला? ज्या बाईला पाळी येऊन म्हैना उलटलाय तिला वाफ न्हाई, गरम टब न्हाई, उपास न्हाई, एनिमा न्हाई, असं समद्यांस्नी सांगायचं. म्हातारीला बी, पोरीला बी. जिचं तिला कळंल. ती नुसती म्हनंल, आज मला वाफ नगं. का, ते कुनी इचारायचं न्हाई. डॉक्टरांना ते अर्धवट वाटलं. म्हणाले, हे सगळ्यांना सांगा, पण नोंद घेताना बरोबरच्या माणसांना बाहेर बसवून तारीखही विचारा, मूल असो वा नसो. ते काम माझ्याकडे आलं.

नवीन छापायला पैसे नव्हते. साडेचारशेच्या वर प्रती उरल्या होत्या. प्रत्येकीच्या माथ्यावर मी हाताने ती सूचना लिहिली. दिवसाला वीस-पंचवीस व्हायच्या. मनगट सुजलं. संध्याकाळी एसटीत दांडी धरवत नव्हती. नवरा म्हणाला, रबरी शिक्का करून घ्या की. केंद्राने केला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही मागितला नाही. लिहिताना दर वेळी माझ्या मनगटावरची तिची बोटं आठवायची. तिचं काय झालं हे कळायला वाट नव्हती. पत्र टाकावं तर कुठल्या तोंडाने? नोंदवहीत पत्ता होता. ते पान यायचं आणि मी उलटून टाकायची.

फाल्गुनात पौडच्या स्टँडवर मी गाडीची वाट बघत होते. समोरच्या बाकावर सासू बसलेली दिसली. शेजारी सून. पदर पुढून सोडलेला, तरी सातवा सरत आला असावा हे लांबून कळत होतं. माझा पाय पुढे पडेना. सुनेने मला पाहिलं, किंचित हसली आणि पदर आणखी ओढून घेतला. सासू उठून माझ्याकडे आली. मला वाटलं, आता भर स्टँडवर बोलणार.

“त्या कागदावर आता काय लिवलंय?” तिने विचारलं.

मी म्हणून दाखवलं. साडेचारशे वेळा लिहिलेलं, चुकणार कसं? तिने सगळं ऐकून घेतलं. मध्येच थांबवून ‘गरम टब न्हाई’ परत म्हणायला लावलं.

“आनि समद्यांस्नी सांगता?”

“सगळ्यांना. एकेकटीला.”

“सांगत जावा,” ती म्हणाली. “आनि आमचं कुटं बोलू नका. आजून दोन म्हैनं हायेत.”

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. सासूने पुढे होऊन, माणसं ढकलून, सुनेला खिडकीशी जागा धरली. माझी गाडी यायला अजून तासभर होता. मी त्याच बाकावर जाऊन बसले. फार थकले होते.